घरचा नान: पालथा तवा, तापलेला ट्रे आणि फोड यायला लागणारा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्वाल्हेरमध्ये लग्नकार्याच्या जेवणात तंदूर असतोच, त्यामुळे चांगला नान कसा लागतो हे इथल्या लष्कर, मुरार या भागांत कुणाला सांगावं लागत नाही. अडतं ते घरी करताना. पीठ जमतं, लाटणंही जमतं, पण ताटात येतो तो एकतर पांढरा आणि वातड, नाहीतर खालून करपलेला आणि वरून कच्चा. मला येणारे बहुतेक प्रश्न पिठाबद्दल असतात आणि बहुतेकांचं उत्तर आचेत निघतं. म्हणून इथे पिठाबद्दल लागेल तेवढंच लिहिलं आहे. बाकी सगळं किती तापवायचं आणि किती वेळ ठेवायचं याबद्दल आहे.

तंदूर नसताना नानाला फोड येतात का?

येतात, पण तंदुरातल्याइतके नाहीत आणि तितक्या लवकर नाहीत. तंदुराची भिंत ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेली असते. शिवाय खालच्या निखाऱ्यांची धग नानाच्या उघड्या बाजूवर सरळ येत असते. एक बाजू भिंतीला चिकटून भाजते, दुसरी धगीवर, आणि साधारण मिनिट-दीड मिनिटात काम संपतं. घरचा ओटीजी २३० ते २५० अंशांवर थांबतो. गॅसवरचा लोखंडी तवा त्याहून जास्त तापतो, पण तो उष्णता एकाच बाजूने देतो.

म्हणजे घरी दोन गोष्टी साधायच्या असतात: खालून भरपूर साठवलेली उष्णता आणि वरून सरळ धग. तापलेला ट्रे काय किंवा पालथा तवा काय, दोन्ही युक्त्या एवढ्यासाठीच आहेत. यातली एक जरी बाजू कमी पडली, तरी नान भाजला जातो, पण फोड येत नाहीत.

नान वेळेवर बाहेर काढण्याला एवढं महत्त्व का? रंग येईपर्यंत ठेवला तर काय बिघडतं?

नेमकं इथेच बिघडतं. पिठाच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं पुढे जात नाही, कारण मिळणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग सुकला की तापमान चढतं आणि १४० अंशांच्या पुढे खरपूस रंग धरायला लागतो. आच जोरात असली तर वरचा पातळ थर झटकन सुकतो, डाग पडतात, आणि तोवर आतला लगदा ओलसरच असतो. तो मऊपणा म्हणजेच नान.

आच कमी असली तर वरचा थर सुकायलाच चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आतलंही पाणी निघून जातं. शेवटी रंग येतो, पण नानाचा टोस्ट झालेला असतो. म्हणून "रंग आला की काढा" हा सल्ला अर्धाच आहे. पुरा सल्ला असा: ठरलेल्या वेळात रंग आला नाही तरीही काढा आणि पुढच्या नानाच्या आधी आच वाढवा.

मग ठरलेला वेळ किती?

गॅसवर पालथा तवा केला तर एक नान दीड ते अडीच मिनिटांत व्हायला हवा. ओटीजीमध्ये २५० अंशांवर तापलेल्या ट्रेवर किंवा तव्यावर तीन ते चार मिनिटं. पाच मिनिटांच्या पुढे गेलेला नान गरम असताना बरा लागतो, पण ताटात निवला की चामट होतो.

वेळेइतकीच पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे फुगे कधी उठतात. खालचं लोखंड पुरेसं तापलेलं असेल तर गॅसवर वीस-तीस सेकंदांत आणि ओटीजीमध्ये मिनिटभरात नानावर लहान फुगे दिसू लागतात. दीड मिनिट होऊनही वरचा भाग सपाट असेल तर लोखंड थंड आहे असं धरा. तो नान काही तुमचा उत्तम नान होणार नाही, पण पुढचे वाचतील.

पालथा तवा म्हणजे नेमकं काय करायचं? तीन जण तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

तिघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या पद्धती सांगत असतात.

पहिली पद्धत गॅसची. तवा नेहमीसारखा सुलटा ठेवून तापवायचा, नानाच्या एका बाजूला पाणी लावून ती बाजू तव्याला चिकटवायची, आणि फुगे उठले की तवाच नानासकट ज्योतीवर पालथा धरायचा. इथे तवा तंदुराच्या भिंतीचं काम करतो आणि ज्योत निखाऱ्यांचं.

दुसरी ओटीजीची. त्यात तवा पालथा, म्हणजे फुगीर बाजू वर करून जाळीवर ठेवतात आणि तापलेल्या पाठीवर नान टाकतात. इथे नान चिकटवायचा नसतो. तवा फक्त तापलेल्या दगडासारखा वापरायचा. ट्रेही असाच पालथा ठेवावा, कारण सुलट्या ट्रेच्या कडा आड येतात आणि पातळ लाटलेला नान सरकवताना दुमडतो.

तिसरी पद्धत गॅसवर तवा किंवा कढई पालथी ठेवून त्या घुमटावर भाजण्याची. ती रुमाली रोटीची आहे. रुमाली कागदासारखी पातळ असते, म्हणून खालच्या आचेवर काही क्षणांत होते. चार-पाच मिलिमीटर जाड नानाला वरून धग लागते आणि ती तिथे मिळत नाही. ही पद्धत नानासाठी सोडून द्या.

तवा कोणता घ्यावा? घरचा नॉनस्टिक चालेल का?

नॉनस्टिक अजिबात नाही. एक तर नान त्याला चिकटणार नाही आणि पालथा करताच ज्योतीवर पडेल. दुसरं म्हणजे इथे लागणाऱ्या आचेवर त्याचा लेप खराब होतो. २६० अंशांच्या आसपास आणि त्यापुढे त्यातून निघणारा धूर घरात नकोच.

गॅसच्या पद्धतीला लोखंडी पत्र्याचा, लांब दांड्याचा, किलोभर वजनाचा तवा सगळ्यात सोयीचा. बिडाचा तवा उष्णता जास्त धरतो, पण त्याचं वजन दोन किलोच्या पुढे जातं आणि एका हाताने मिनिटभर पालथा धरून फिरवणं मनगटाला झेपत नाही. ओटीजीसाठी मात्र बिडाचाच घ्या, तिथे तो नुसता पडून राहणार आहे. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा दांडा असलेला तवा ओटीजीत घालू नका. घेण्याआधी ओटीजीची आतली रुंदी मोजून न्या. तव्याच्या चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहायला हवी, नाहीतर गरम हवा वर येत नाही आणि वरचा भाग पांढरा राहतो.

नानाचा तवा वेगळाच ठेवलेला बरा. तव्याची तोंडाची बाजू ज्योतीवर धरल्याने तेल मुरून बसलेला काळा थर जळतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर धिरडी घातली की चिकटतात. सासूबाईंच्या जुन्या, मुरलेल्या तव्यावर हा प्रयोग करू नये, एवढंच सांगते.

तवा पुरेसा तापला हे कसं ओळखायचं?

पाण्याचा थेंब टाकून बघायची सवय सगळ्यांना असते, पण नानासाठी ती पुरत नाही. साधारण २०० अंशांपाशी थेंब गोळी होऊन तव्यावर पळायला लागतो. त्यानंतर तवा २२० वर असो की ३०० वर, थेंब तसाच पळतो. म्हणजे थेंब पळत नसेल तर तवा नक्की थंड आहे, एवढंच कळतं.

त्यापेक्षा चिमूटभर कोरडा मैदा तव्याच्या मधोमध टाका आणि मनात आकडे मोजा. दहा-पंधरा सेकंदांत तो बदामी झाला तर तवा नानाला तयार आहे. अर्ध्या मिनिटानंतरही पांढराच असेल तर अजून तापवा. दोन-तीन सेकंदांत काळा पडून धूर निघाला तर आच कमी करून मिनिटभर थांबा, नाहीतर खालची बाजू करपेल आणि मधला भाग कच्चा राहील. मैदा पुसून काढायला विसरू नका, त्याच्या जळक्या कणांचा कडूपणा नानाला लागतो.

मोठ्या बर्नरवर, पूर्ण आचेवर लोखंडी पत्र्याच्या तव्याला यासाठी सहा-सात मिनिटं लागतात. बिडाच्या तव्याला दहा-बारा मिनिटं धरा. काही जणांकडे लांबूनच तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक असते. काळ्या लोखंडावर ती ठीक दाखवते, पण चकचकीत स्टीलच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या ट्रेवर खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. तिच्या भरवशावर ट्रे तापवत बसलात तर गॅस आणि वीज दोन्ही वाया जातील.

ओटीजीचा दिवा बंद झाला म्हणजे ट्रे तापला ना?

नाही. दिवा बंद होतो तेव्हा आतली हवा त्या तापमानाला पोचलेली असते. तिला दहा मिनिटं पुरतात. बिडाच्या तव्याला त्यापुढे आणखी अर्धा तास लागतो. ओटीजी २५० वर लावल्यापासून ४० मिनिटं झाल्याशिवाय पहिला नान टाकू नका. पातळ ॲल्युमिनिअमचा ट्रे असेल तर २० मिनिटं पुरेत, मात्र त्यात फारशी उष्णता मावतच नाही.

हा फरक किती आहे ते बघा. दीड किलोचा लोखंडी तवा ५० अंश निवताना जेवढी उष्णता नानाला देतो, तेवढ्याच उतारात तीनशे ग्रॅमचा ॲल्युमिनिअमचा ट्रे त्याच्या निम्म्याहूनही कमी देतो. म्हणून पातळ ट्रेवर नान टाकला की तो चटकन थंड पडतो आणि खालची बाजू फिकी राहते. घरात ट्रेच असेल तर दोन ट्रे एकावर एक पालथे ठेवा, थोडा फरक पडतो.

खालून छान डाग येतात, पण वरचा भाग पांढराच राहतो. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि ओटीजीच्या बाबतीत त्याची दोन कारणं असतात.

एक कारण जागेचं. तवा मधल्या खाचेत ठेवला की वरची कॉइल फार लांब पडते. तवा वरच्या खाचेत असा ठेवा की नान आणि कॉइल यांच्यात सात ते दहा सेंटिमीटर अंतर राहील. त्याहून जवळ नेलात तर फुगलेला नान कॉइलला चिकटायची भीती असते.

दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही. ओटीजी ठरलेल्या तापमानाला पोचला की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो. नेमकं त्याच वेळी नान आत टाकला तर वर लाल धग नसतेच, असते ती नुसती गरम हवा. आणि फोड उठवते ती धग. म्हणून तापवताना खाली-वर दोन्ही कॉइल चालू ठेवा, पण नान टाकायच्या आधी बटण फक्त वरच्या कॉइलवर आणा, दार काही सेकंद किलकिलं करा म्हणजे थर्मोस्टॅट पुन्हा चालू होईल, आणि कॉइल लाल झालेली दिसली की मगच नान सरकवा. एवढ्याने वरचा भाग मिनिटभर आधी रंग धरतो.

गॅसवर हीच तक्रार असेल तर तवा ज्योतीपासून फार उंच धरला जातो आहे. नान आणि ज्योतीचं टोक यांच्यात पाच-सहा सेंटिमीटर अंतर ठेवा. बर्नरची ज्योत गोल कड्यात येते, त्यामुळे तवा एका जागी धरला तर नानावर डागांचं कडं उमटतं आणि मधला भाग कोरा राहतो. तवा हळूहळू फिरवत राहायचा, आणि शेवटची दहा सेकंदं मधला भाग ज्योतीच्या एका बाजूवर आणायचा.

तवा पालथा करताच नान पडतो. पाणी कमी पडतं की जास्त?

दोन्ही होऊ शकतं. पाणी चिकटवायचं काम करतं ते असं: तापलेल्या लोखंडावर ओल्या पिठातला स्टार्च फुगून खळीसारखा होतो आणि तव्याला धरून बसतो. ओल अगदी कमी असेल तर खळ तयारच होत नाही. पाणी निथळत असेल तर ते तवा थंड करतं आणि वाफ होऊन नानाला खालून उचलतं. ओल्या हाताने एकदा सगळीकडे फिरवलं, की पृष्ठभाग चिकट लागायला हवा, पण थेंब गळायला नको. साधारण एक लहान चमचा पाणी एका नानाला पुरतं.

याहून जास्त वेळा दोष घाईचा असतो. नान टाकून कडा बोटांनी दाबायच्या आणि ३० ते ४० सेकंद थांबायचं. सगळीकडे लहान फुगे दिसले आणि कडा तव्यावर सरकत नाही असं वाटलं की मगच पालथा करायचा. त्याआधी उलटवला की नान हमखास ज्योतीवर. आणि तव्याला तेल लागलेलं असेल तर कितीही थांबलात तरी तो चिकटणार नाही. चिकटणाऱ्या बाजूवर पिठी राहिली असली तरी तेच, म्हणून पाणी लावण्याआधी ती झटकून टाका.

नान झाला की तवा सुलटा करून पातळ उलथण्याने एका कडेपासून खरवडत काढायचा. नीट भाजलेला नान कडेला थोडं खरवडल्यावर आपोआप सुटतो. जोर लावावा लागत असेल तर खालची बाजू अजून व्हायची आहे, तवा सुलटा ठेवूनच पंधरा-वीस सेकंद द्या.

फोड पडतात ते कशामुळे? कधी एकच मोठा फुगा येतो, कधी काहीच नाही.

पिठात आंबण्याने किंवा सोड्याने हवेचे बारीक कप्पे झालेले असतात. तापलं की त्यात वाफ भरते आणि ते फुगतात. फुग्याच्या माथ्यावरचा पापुद्रा अगदी पातळ असतो, त्याच्याखाली ओला लगदा नसतो, आणि तो धगीच्या जवळ आलेला असतो. म्हणून तो बाकी नानाच्या आधी सुकतो आणि त्यावर काळसर ठिपका पडतो. आसपासचा भाग फिका राहून ठिपके मात्र गडद, हे चांगल्या नानाचं लक्षण. सगळा नान एकसारखा तपकिरी झाला तर तो सावकाश भाजला गेला आहे.

एकच मोठा फुगा येतो तो पीठ लाटण्याने दाबून लाटल्यावर, कारण आतले कप्पे फुटून वरचा आणि खालचा असे दोनच थर उरतात, फुलक्यासारखे. नानाला हे नको. गोळा लाटण्याने निम्मा पसरवा आणि उरलेला बोटांनी दाबत ओढा. बोटांचे खड्डे थरांना मधेमधे जोडून ठेवतात, त्यामुळे एका फुग्याऐवजी पुष्कळ लहान फोड येतात.

काहीच फोड येत नसतील तर आधी आच तपासा, मग पीठ. घट्ट पिठाला फोड येत नाहीत, कारण ते ताणलं जात नाही आणि त्यात वाफ होण्याइतकं पाणीही नसतं.

पिठाचं प्रमाण एकदा सांगून टाका.

पाच नानांसाठी २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम दही, ९० ते १०० मिलिलिटर पाणी, १५ ग्रॅम तेल, पाच ग्रॅम मीठ आणि तेवढीच साखर. फुगण्यासाठी दोन ग्रॅम कोरडं यीस्ट, किंवा एक चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला किंचित चिकटणारं हवं. यातून ८५ ग्रॅमच्या आसपासचे पाच गोळे होतात. एक गोळा १८ सेंटिमीटर लांब आणि १३ रुंद ओढला की जाडी साधारण चार मिलिमीटर येते, आणि वर सांगितलेल्या सगळ्या वेळा याच जाडीच्या आहेत.

फोडांसाठी यीस्टचं पीठ उजवं, त्यातही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं. सोड्याचा नान मऊ होतो, पण त्याचे फोड लहान आणि फिके राहतात.

ग्वाल्हेरच्या थंडी-उन्हाळ्याचा यात काही संबंध आहे का?

पिठाशी बराच आहे. जानेवारीत रात्री पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो तेव्हा स्वयंपाकघरातलं पीठ तीन-तीन तास हलत नाही. कोमट पाण्यात मळा आणि परात बंद ओटीजीत, नुसता आतला दिवा लावून ठेवा. दिवा नसेल तर शेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवा. मे महिन्यात नेमकं उलटं: पारा ४५ कडे गेला की तेच पीठ तासाभरात फुगून आंबट होतं आणि लाटताना फाटतं. तेव्हा थंड पाणी घ्या, यीस्ट निम्मं करा. फ्रिजमधलं पीठ अर्धा तास बाहेर ठेवूनच लाटा, कारण थंडगार गोळा तव्याची बरीच उष्णता खाऊन टाकतो.

विजेचाही संबंध आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, आणि कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर उष्णता जवळजवळ चतुर्थांशाने कमी मिळते. कॉइल लाल व्हायच्या ऐवजी नुसती मंद तांबूस दिसते. अशा दिवशी ४० मिनिटांऐवजी तासभर तापवा, नाहीतर सरळ गॅसवर करा.

पहिला नान उत्तम होतो आणि दुसरा-तिसरा बिघडत जातो. असं का?

कारण पहिल्याने तव्याची उष्णता नेलेली असते. माझ्या मावसबहिणीकडे मुरारला हेच व्हायचं, म्हणून एका संध्याकाळी घड्याळ समोर ठेवून पाहिलं. ओटीजी ७:५० ला २५० वर लावला, आत बिडाचा तवा पालथा. साडेआठला पहिला नान गेला. मिनिटभरात फुगे, दोन मिनिटांनी पहिले डाग, तीन मिनिटांनी बाहेर, अगदी हवा तसा. दुसरा तिने लगेच टाकला. दोन मिनिटं झाली तरी एकही डाग नाही. "अगं, राहू दे अजून," म्हणत तो साडेचार मिनिटं राहिला आणि कडा कडक होऊन निघाला. तिसऱ्याच्या आधी दार बंद करून पाच मिनिटं थांबलो. तो पुन्हा तीन मिनिटांत झाला, पहिल्यासारखाच. पीठ तेच, हात तोच, फरक फक्त त्या पाच मिनिटांचा.

दार किती वेळ उघडं राहतं हेही तितकंच महत्त्वाचं. पुढचा नान पिठी भुरभुरलेल्या पुठ्ठ्यावर किंवा पालथ्या ताटलीवर लाटून तयार ठेवा आणि दार उघडताच एका झटक्यात सरकवा. आत नान टाकून मग तो हाताने नीट करत बसलात तर एका मिनिटात ओटीजी पुष्कळ निवतो, शिवाय मनगट भाजतं ते वेगळंच.

गॅसवर ही अडचण कमी असते. नान काढला की तवा कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण आचेवर मिनिटभर ठेवला की पुन्हा तयार. म्हणून चारपेक्षा जास्त माणसं जेवायला असतील तर मी गॅसचीच बाजू घेईन. दोन बर्नर आणि दोन तवे असतील तर एक तापेपर्यंत दुसऱ्यावर भाजता येतं, आणि दर दीड-दोन मिनिटांना एक नान पानात पडतो.

इंडक्शनवर जमेल का?

खालची बाजू जमेल, वरची नाही, कारण ज्योतच नाही. लोखंडी तव्यावर खालून भाजून घ्या आणि वरच्या बाजूसाठी तवा नानासकट ओटीजीच्या लाल कॉइलखाली दीड मिनिट धरा. ओटीजीही नसेल तर उलटून दोन्ही बाजू तव्यावर भाजण्याला पर्याय नाही. तो चांगला कुलचा होतो.

पालथा तवा धरताना कोणती काळजी घ्यावी?

दांड्याला जाड फडकं गुंडाळा, पण त्याची टोकं लोंबू देऊ नका. सिंथेटिक ओढणी किंवा साडीचा पदर खोचून घ्या. तव्याने बर्नर पूर्ण झाकू नका, ज्योत कोंडली की अर्धवट जळते आणि नानाला काजळी धरते. थंडीत खिडक्या गच्च लावून स्वयंपाक करायची आपल्याकडे सवय आहे, तरी हे करताना एक खिडकी उघडी ठेवा. आणि लालबुंद तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नका, तो तडकतो.

काढल्यावर नान मऊ राहावा यासाठी काय करायचं?

तव्यावरून उतरताच लोणी किंवा तूप लावा आणि सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, झाकण किंचित उघडं. आतली वाफ वरचा कोरडा पापुद्रा मऊ करते. झाकण घट्ट लावलं तर पाणी सुटून खालचा नान ओला होतो. उरलेला नान दुसऱ्या दिवशी गरम करायचा असेल तर दोन्ही बाजूंना पाण्याचा हात लावून तापलेल्या तव्यावर वीस-वीस सेकंद द्या. मायक्रोवेव्हमधून काढलेला नान दोन मिनिटंच मऊ असतो, तेव्हा तो पानात वाढून झाल्यावर लगेच संपवणारं कुणीतरी समोर हवं.